अस्तंगत की काझिमी? ४ जून २०२४चा शुक्र कलाकलांनी तपासताना

लोकसभेचा निकाल लागला तो दिवस, ४ जून २०२४. समजा, त्या दिवशी सकाळी १०:४० वाजता पुण्यात एका मुलीचा जन्म झाला. कुठल्याही सॉफ्टवेअरमधून तिची पत्रिका काढा, शुक्रापुढे ‘अस्त’ असा शिक्का येतो. पत्रिका बघणारा तेवढंच वाचतो आणि सांगून टाकतो, ‘शुक्र गेला, सूर्याने खाल्ला.’ चार दिवसांनी, ८ जूनला त्याच वेळी जन्मलेल्या मुलाच्या पत्रिकेतही शुक्रापुढे तोच शिक्का असतो. दोघांचं लग्न कर्क. दोघांचा सूर्य आणि शुक्र वृषभेत, लाभस्थानात. छापील कुंडलीत या दोन शुक्रांत काहीच फरक दिसत नाही.

काझिमी मानणारी परंपरा मात्र हे दोन शुक्र एकसारखे वाचत नाही. मुलाचा शुक्र तिच्या लेखी साधा अस्तंगत आहे. मुलीचा शुक्र सूर्याच्या मध्यबिंदूपासून जेमतेम सात कलांवर आहे, म्हणून तो अस्तंगतांच्या यादीतून बाहेर काढून वेगळा वाचला जातो. सूर्याच्या इतक्या आत असलेल्या ग्रहाला काझिमी म्हणतात. हा फरक कसा मोजायचा, कुठे फसगत होते आणि फलादेशात तो किती ताणायचा, हे याच दोन पत्रिकांवरून पाहू.

आधी दोन्ही रेषा कुठे आहेत ते

आपल्याकडचा अस्त मुळात दिसण्या-न दिसण्याशी बांधलेला आहे. सूर्याच्या तेजात ग्रह दिसेनासा झाला की तो अस्तंगत. सूर्यसिद्धांतात त्यासाठी प्रत्येक ग्रहाचे कालांश दिले आहेत: चंद्राला १२, मंगळाला १७, बुधाला १४ आणि वक्री असताना १२, गुरूला ११, शुक्राला १० आणि वक्री असताना ८, शनीला १५. हे कालांश म्हणजे राशीचक्रावरचे सरळ अंश नव्हेत. ग्रह आणि सूर्य यांच्या उदयास्तात किती अंतर पडतं त्यावर ते बेतलेले आहेत. रोजच्या वापरात मात्र सगळेच ते सरळ अंश म्हणून धरतात, सॉफ्टवेअरही तेच करतं. आपल्या उदाहरणापुरतं तेवढं चालेल.

अरबी आणि त्यानंतरच्या युरोपीय परंपरेत सूर्याभोवती तीन कडी मानतात. सतराव्या शतकातल्या विल्यम लिलीच्या मापात सूर्यापासून सुमारे १७ अंशांपर्यंत ग्रह ‘किरणांखाली’ असतो, साडेआठ अंशांच्या आत दग्ध, म्हणजे आपल्या अस्तंगतासारखा, आणि १७ कलांच्या आत काझिमी. त्याच्या सहाशे वर्षं आधी अल-बिरूनीने शेवटची मर्यादा १६ कला दिली होती. ग्रीक परंपरेत पूर्ण एक अंशाची मर्यादाही आढळते, आणि हल्ली काही जण ती परत वापरतात. मी ती वापरत नाही. सोळा-सतरा कलांना निदान डोळ्यांना दिसणारा आधार आहे. आकाशात सूर्यबिंबाचा व्यास सुमारे ३२ कला असतो, म्हणजे त्रिज्या १६. जुलैच्या सुरुवातीला ती पावणेसोळा कलांच्या आसपास असते आणि जानेवारीच्या सुरुवातीला सव्वासोळापर्यंत जाते. थोडक्यात, काझिमी ग्रह खरोखर सूर्याच्या तबकडीच्या आत असायला हवा, अशी ही कल्पना आहे. एक अंश धरला की या कल्पनेचा पायाच सुटतो.

पाराशरी पद्धतीतल्या अस्ताच्या नेहमीच्या नियमांत अशी आतली सूट नसते. म्हणून कुणी ‘आमच्या शास्त्रात हे नाही’ म्हणालं तर त्याच्याशी वाद घालायचं कारण नाही. काझिमी वापरायचा तर तो दुसऱ्या घरून आणलेला नियम आहे हे लक्षात ठेवून वापरायचा.

पायरी पहिली: अंश पुरे नाहीत, कला हव्यात

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. मोबाइलवरच्या बऱ्याच ॲपमध्ये कुंडलीच्या घरात ग्रहापुढे नुसते अंश छापलेले असतात: सूर्य १९, शुक्र १९. यावरून अंतर एक कला आहे की एकोणसाठ, काहीच सांगता येत नाही. ‘स्पष्ट ग्रह’ किंवा ‘ग्रहस्थिती’ नावाचा तक्ता उघडून अंश-कला-विकला बघायलाच हव्यात.

दुसरी चूक दशांशाची. काही सॉफ्टवेअर अंतर ०.१७ असं दाखवतात आणि बघणारा ते १७ कला समजतो. एका अंशात ६० कला असतात, त्यामुळे ०.१७ अंश म्हणजे साधारण १० कला. उलट १७ कला म्हणजे ०.२८ अंश. तेव्हा दशांशात वाचत असाल तर तुमची सीमा ०.२८ आहे. हा गोंधळ महागात पडतो. ०.२५ अंशाचा खरा काझिमी हातचा जातो, आणि ‘०.१७च्या आत’ असा नियम पाठ केलेला माणूस साधारण चाळीस टक्के काझिमी फेकून देतो.

अयनांशाची काळजी मात्र अजिबात करू नका. चित्रापक्ष आणि टिळक पंचांगाचा रैवतपक्ष यांत सुमारे चार अंशांचा फरक आहे. त्यावरून पुण्यात अजूनही दोन ज्योतिषी एका चहाच्या टेबलावर तासभर भांडू शकतात. पण अयनांश सूर्यातूनही वजा होतो आणि शुक्रातूनही, तोच आकडा. राशी बदलेल, नक्षत्र बदलेल, दोघांमधलं अंतर बदलणार नाही. पाश्चात्य सायन पत्रिका घेतलीत तरी सात कला सातच राहतील. ज्योतिषात इतकं बिनवादाचं माप क्वचितच मिळतं.

पायरी दुसरी: जन्मवेळेचं अंतर काढणं

स्विस इफेमेरिसचा swetest तुमच्या संगणकावर असेल तर एका ओळीत काम होतं. पुण्याची वेळ १०:४०, त्यातून साडेपाच तास वजा केले की जागतिक वेळ ५:१० होते.

```
swetest -b4.6.2024 -ut5:10:00 -p03 -sid1 -fPlbs
```

यात -p03 म्हणजे सूर्य आणि शुक्र, -sid1 म्हणजे लाहिरी अयनांश. शेवटच्या अक्षरांतून ग्रहाचं नाव, भोग, शर आणि रोजची गती या क्रमाने मिळतं. सूर्य सुमारे ४९.८८ अंशांवर येईल, म्हणजे वृषभ १९ अंश ५३ कला. शुक्र ४९.७७च्या आसपास, वृषभ १९ अंश ४६ कला. अंतर सात कला. शुक्र सूर्याच्या मागे आहे.

संगणक नको असेल तर ज्या पंचांगात रोजचे स्पष्ट ग्रह सकाळी ५:३०चे दिलेले असतात ते घ्या आणि हाताने करा. ४ जूनला सकाळी ५:३० वाजता शुक्र सूर्याच्या सुमारे साडेदहा कला मागे होता. ५ जूनला त्याच वेळी तो सुमारे पावणेसहा कला पुढे होता. म्हणजे चोवीस तासांत त्याने सूर्यावर सोळा-सव्वासोळा कलांची सरशी केली, तासाला साधारण पाऊण कलेच्याही आत. ५:३० ते १०:४० म्हणजे पाच तास दहा मिनिटं, तेवढ्यात साडेतीन कला. साडेदहातून साडेतीन गेल्या, उरल्या सात. संगणकाचं आणि पंचांगाचं उत्तर जुळलं.

ही रोजची सरशी, म्हणजे ग्रह आणि सूर्य यांच्या गतीतला फरक, बाजूला लिहून ठेवा. काझिमीची खिडकी किती वेळ उघडी राहते ते तिच्यावरूनच कळतं. शुक्र सूर्याच्या पलीकडून जात असताना सरशी फार सावकाश होते, म्हणून खिडकी दोन दिवसांच्या आसपास चालते. ४ जूनची नेमकी युती रात्री ९ वाजून ३ मिनिटांनी झाली, आणि १७ कलांचा पट्टा ३ जूनच्या रात्री आठच्या सुमारास सुरू होऊन ५ जूनच्या रात्री दहाच्या सुमारास संपला. मंगळालाही असेच दोन दिवस लागतात. गुरूला अठरा तास, शनीला पंधरा-सोळा. बुध पलीकडून जाताना अर्धा दिवस ते जवळपास एक दिवस घेतो, आणि वक्री होऊन पृथ्वी-सूर्याच्या मधून जाताना सहा ते नऊ तासांत पार होतो.

यावरून जन्मवेळेची शंका कुठे महत्त्वाची आणि कुठे नाही ते ठरतं. आपल्या मुलीची वेळ अर्धा तास चुकलेली असली तरी अंतरात जेमतेम तिसरा हिस्सा कलेचा फरक पडतो. तीच वेळ वक्री बुधाच्या बाबतीत अर्धा तास चुकली तर अंतर अडीच-तीन कलांनी सरकू शकतं. तेव्हा पंधरा-सोळा कलांवरचा वक्री बुध दिसला की रुग्णालयाच्या नोंदीतली वेळ विचारा, घड्याळ बघून सांगितलेली की आठवून सांगितलेली हेही विचारा. नीट उत्तर मिळालं नाही तर काझिमी म्हणू नका.

आता ८ जूनचा मुलगा. रात्री ९:०३ची युती होऊन साडेतीन दिवस उलटले आहेत. साडेतीन गुणिले सव्वासोळा म्हणजे ५७-५८ कला. शुक्र सूर्याच्या पुढे, वृषभेच्या २४ अंश ४१ कलांच्या आसपास, आणि अंतर एक अंशाला दोनच कला कमी. १७ कलांच्या तो केव्हाच बाहेर पडला आहे आणि १० अंशांच्या बराच आत आहे. हा अस्तंगत, दोन्ही परंपरांच्या मापात.

पायरी तिसरी: शर. ही पायरी बहुतेक जण गाळतात

आतापर्यंत मोजलेलं अंतर राशीचक्रावरचं, पूर्व-पश्चिम दिशेचं होतं. ग्रह क्रांतिवृत्ताच्या उत्तरेला किंवा दक्षिणेलाही असतो. तो शर. भोगात सात कला आणि शरात आठ अंश असं होऊ शकतं, आणि मग ग्रह सूर्याच्या तबकडीत नसतो, तबकडीपासून हातभर लांब असतो.

काही जुन्या लेखकांनी शरही १६-१७ कलांच्या आत असावा अशी अट घातली, बऱ्याच जणांनी घातली नाही. मला विचाराल तर काझिमीचा युक्तिवादच ‘सूर्याच्या आत’ या गोष्टीवर उभा असेल तर शर न बघता काझिमी म्हणणं म्हणजे अर्धीच मोजणी आहे.

४ जून २०२४चा शुक्र इथे अगदी पुस्तकी उदाहरण ठरतो. त्याची युती त्याच्या पाताजवळ झाली, त्यामुळे शर जन्मवेळी दक्षिणेला जेमतेम चार कला होता. भोगात सात आणि शरात चार, म्हणून खरं अंतर आठ कलांच्या आसपास. सूर्यबिंबाची त्रिज्या त्या दिवसांत पावणेसोळा कला होती. म्हणजे शुक्र खरोखर सूर्यबिंबाच्या आड, पलीकडच्या बाजूला होता. त्या दिवशी शुक्राचं सूर्याकडून पिधान चालू होतं, तेही जवळपास दोन दिवस. ॲपने छापलेल्या ‘अस्त’ या शब्दामागे आकाशात असं काही घडत होतं.

त्याच्या शेजारी २३ मार्च २०२५ ठेवा. त्या सकाळी साडेसहाच्या सुमारास, पुण्यात सूर्योदयाच्या वेळेच्या जवळपासच, वक्री शुक्राची सूर्याशी युती झाली. भोगात अंतर शून्य. निरयन मीनेच्या साडेआठ अंशांवर, म्हणजे शुक्र उच्च राशीत. इंटरनेटवर त्या दिवशी ‘उच्चीचा काझिमी शुक्र’ म्हणून बरंच कौतुक झालं असेल तर नवल नाही. पण शर होता उत्तरेला सुमारे ८ अंश २४ कला. सूर्याची पंधरा-सोळा बिंबं एकापुढे एक मांडली असती तर त्यांच्या टोकाला शुक्र सापडला असता. त्याला सूर्याच्या आतला म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मी तो ‘भोगाने काझिमी, शराने नाही’ असं लिहून ठेवतो आणि वाचताना त्याला फार तर अस्तातली थोडी सवलत देतो.

वक्री असल्यामुळे काझिमी बिघडतो असा मात्र याचा अर्थ नाही. ६ जून २०१२ला शुक्राचं अधिक्रमण झालं, पुण्यात सूर्य उगवला तेव्हा ते चालूच होतं. त्या वेळी शुक्र वक्री होता आणि तबकडीवरून सरकणारा काळा ठिपका म्हणून संरक्षक चष्म्यातून दिसत होता. भोग आणि शर दोन्ही मापांत तो आतच होता. बुधाची अधिक्रमणंही अशीच वक्री काझिमीची असतात. यापुढचं १३ नोव्हेंबर २०३२ला आहे.

चंद्राचं प्रकरण वेगळं ठेवा. दर अमावास्येला तो भोगाने सुमारे तासभर काझिमी होतो, पण तो पृथ्वीच्या इतका जवळ आहे की पुण्यातून बघताना त्याची जागा पृथ्वीच्या मध्यातून काढलेल्या जागेपेक्षा जवळपास अंशभर सरकू शकते. सतरा कलांच्या मापाला तिथे अर्थ उरत नाही. आणि शरही शून्याजवळ आला की ते सूर्यग्रहण होतं. ते शुभ म्हणून वाचायला कुठलीच परंपरा तयार नाही.

पायरी चौथी: आत चाललाय की बाहेर पडतोय

अस्तंगत ग्रह वाचताना दिशा बघणं जुन्यांना महत्त्वाचं वाटे. सूर्याकडे चाललेला ग्रह अजून बुडायचा आहे, सूर्यापासून सुटलेला ग्रह आता वर येतो आहे. ८ जूनचा शुक्र सुटलेल्यांपैकी आहे. पुढच्या काही आठवड्यांत तो तेजातून बाहेर पडून संध्याकाळी पश्चिमेला दिसू लागणार होता, म्हणून त्याचा अस्त उतरणीचा आहे.

४ जूनचा शुक्र अजून सूर्याकडे चालला आहे, युतीला दहा तास बाकी आहेत. काझिमीच्या आत असताना हा फरक मी फारसा मोजत नाही. कारण काझिमी वेगळा का वाचतात याचं मला पटणारं कारण आकाशातच आहे. शुक्र एप्रिलच्या शेवटी पहाटेच्या आकाशातून दिसेनासा झाला होता. जुलैत तो संध्याकाळचा तारा म्हणून परत आला. पहाटेचा शुक्र संपून संध्याकाळचा शुक्र सुरू होतो तो क्षण नेमका या अदृश्य काळाच्या मध्यावर, युतीवर येतो. अस्तंगत ग्रह म्हणजे प्रकाश हरवत असलेला किंवा अजून न मिळालेला. युतीवरचा ग्रह म्हणजे एक फेरी संपवून दुसरी सुरू करणारा. जुने लेखक हेच राजाच्या भाषेत सांगत: दरबारात राजाच्या पुढ्यात उभा राहिलेला माणूस राजाच्या तेजाने दबतो, राजाच्या मांडीला मांडी लावून बसलेला माणूस राजाच्याच अधिकाराने बोलतो.

पायरी पाचवी: आता वाचायचं

दोन्ही पत्रिकांत शुक्र चतुर्थेश आणि लाभेश, स्वराशीत, लाभस्थानात. सोबत धनेश सूर्य. गुरू आणि बुधही वृषभेतच आहेत, पण ते या मोजणीत पडत नाहीत म्हणून बाजूला ठेवतो. ही जोडी मुद्दाम निवडली, कारण राशीबल आणि स्थान दोन्हीकडे सारखंच आहे. उरतो तो फक्त सूर्यापासूनच्या अंतराचा फरक.

मुलाचा अस्तंगत शुक्र आधी घेऊ. स्वराशीत असल्यामुळे त्याचं नुकसान हलकं होतं, हे दोन्ही परंपरा मान्य करतात. घर, वाहन, ओळखीपाळखी, लाभ या गोष्टी नाहीशा होत नाहीत. पण त्या त्याच्या नावावर दिसत नाहीत, कुणातरी मोठ्याच्या नावाखाली चालतात. वडिलांच्या ओळखीने काम मिळतं आणि श्रेयही वडिलांकडेच जातं. कलेचा हात असेल तर तो घरच्यांच्या लक्षात उशिरा येतो. शुक्र सूर्यापासून सुटलेला असल्यामुळे वय वाढेल तसं हे मोकळं होईल, असं वाचायला जागा आहे.

मुलीच्या शुक्राचं साहित्य तेच: घर, वाहन, स्नेही, लाभ. पण इथे सूर्य झाकत नाही, पाठीशी उभा राहतो. अधिकाराच्या जागी असलेली माणसं तिच्या बाजूने बोलतात, तिची रुची ज्यांच्या हातात काही आहे अशांच्या कानापर्यंत पोचते, आणि पैसा व कुटुंब यांचा स्वामी सूर्य तिच्या लाभाशी एकजीव होतो. ही झाली चांगली बाजू. दुसरी बाजू पोथीत कमी लिहिलेली असते. सूर्याशी इतका एकरूप झालेला शुक्र स्वतंत्र राहत नाही. तिच्या आवडी आणि तिची प्रतिष्ठा वेगळ्या करता येत नाहीत. नात्यात ‘माझं’ आणि ‘माझ्या घराण्याचं’ यांची सरमिसळ होते. काझिमीमुळे शुक्र बळ मिळवतो, अंतर मिळवत नाही.

आणि शुक्र सूर्याचा नैसर्गिक शत्रू आहे, हे काझिमीने पुसलं जात नाही. शुक्र जर नीच राशीत किंवा अष्टमात काझिमी असता, तर मी त्याला फक्त ‘अस्ताचा दोष नाही’ एवढंच श्रेय दिलं असतं, राजयोग म्हटला नसता. सूर्य ज्या स्थानाचा आणि ज्या अवस्थेचा, त्याच रंगाचं बळ काझिमी ग्रहाला मिळतं. सूर्य तूळ राशीत असेल तर राजाच दुबळा, त्याच्या शेजारी बसून किती मिळणार?

जिथे हा नियम लावू नये

विवाहमुहूर्तात काझिमीचा आधार घेऊ नका. २०२४च्या मे-जूनमध्ये शुक्रास्तामुळे लग्नाचे मुहूर्त अडले होते, पुण्यातल्या अनेक घरांत तारखांची ओढाताण झाली. अशा वेळी ‘४ जूनला शुक्र काझिमी आहे, त्या दिवशी करून टाका’ असा सल्ला देणारे निघतात. मुहूर्तातला शुक्रास्त शुक्र डोळ्यांना दिसत नाही या एकाच कारणावर आहे, आणि ४ जूनला तो सूर्याच्या मागे होता, म्हणजे दिसण्याची शक्यता सगळ्यात कमी. काझिमी इथे अस्त उठवत नाही.

राशीच्या सीमेवरही थांबा. सूर्य २९ अंश ५५ कलांवर आणि ग्रह पुढच्या राशीच्या ० अंश ५ कलांवर असेल तर अंतर दहा कलांचंच आहे, पण दोघं वेगवेगळ्या घरांत बसलेत. एका राशीत नसलेला काझिमी बरेच जण मानत नाहीत, मीही नाही. आणि ही एकच जागा अशी आहे जिथे अयनांश परत आडवा येतो, कारण सीमा कुठे पडते हे तोच ठरवतो.

सोळा आणि सतरा कलांच्या मधल्या ग्रहाचं काय करायचं, हा प्रश्न हमखास येतो. तिथे मी शर बघतो. शर दोन-तीन कलांचा असेल तर धरतो, दहा कलांचा असेल तर सोडून देतो.

एवढं करूनही हा परंपरेचा नियम आहे, प्रयोगाने सिद्ध झालेला नाही. पुण्यातच जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पत्रिकांवरून हुशार आणि मतिमंद मुलं ओळखता येतात का याची चाचणी घेतली होती, आणि त्यात भाग घेतलेल्या २७ ज्योतिषांचं उत्तर सरासरी निम्म्याच्याही आत, म्हणजे नाणं उडवल्याइतकंच आलं. एखाद्या जातकाला ‘तुमचा शुक्र काझिमी आहे’ म्हणून नोकरी सोडायला किंवा स्थळ नाकारायला सांगू नये, याला तेवढं कारण पुरे आहे.

पत्रिकेच्या वहीत नोंद करताना ग्रहाशेजारी चार गोष्टी लिहा: भोगातलं अंतर कलांमध्ये, शर कलांमध्ये, आत चाललाय की बाहेर पडतोय, मार्गी की वक्री. मुलीच्या शुक्रापुढे ती नोंद अशी होईल: ७ कला, शर ४ दक्षिण, आत, मार्गी. मुलाच्या शुक्रापुढे अंतर ५८ कला, बाहेर, मार्गी, आणि त्याचा शर लिहायचा कंटाळा केलात तरी बिघडत नाही, कारण भोगानेच तो सीमेबाहेर गेला आहे.